रोमन लिपीतले माहूर

पूर्वी पोस्टाने आलेल्या पत्राकडे नुसते पाहूनच घरातली जाणती माणसे बरेच काही ओळखीत. कागद वहीतून फाडलेला आहे की विकत आणलेला, शाई दौतीतली आहे की बॉलपेनची, अक्षर लिहिणाऱ्याचे स्वतःचे आहे की कुणाकडून लिहवून घेतले आहे, हे सारे मजकूर वाचण्याआधीच कळे. आज मोबाइलवर येणाऱ्या संदेशाला ना कागद असतो ना शाई. प्रत्येकाचे अक्षर सारखेच दिसते. तरीही तो कोणत्या साधनावर लिहिला गेला याच्या काही खुणा त्यात उरतातच. त्या खुणा वाचणे ही मोठी गमतीची विद्या आहे. मात्र त्या चुकीच्या वाचल्या तर त्याचा त्रास दुसऱ्याला होतो, आणि तो कसा होतो हेच मला आज तुम्हांला सांगावयाचे आहे.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूर आहे. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो, आणि तेलंगणाची हद्दही फार लांब नाही. समजा, तेथल्या एका शाळेतील बाईंना डोंगरातल्या एका वाडीवरून पालकाचा संदेश आला:

`Udya Mahurla gadi nahi, mulgi yenar nahi`

मराठी वाक्य, अक्षरे रोमन. बाई मनात तीन अनुमाने काढतात. या माणसाच्या फोनवर मराठी कळफलक नाही. याच्या पडद्यावर मराठी दिसत नसणार. आणि ज्या अर्थी हा रोमनमध्ये लिहितो त्या अर्थी त्याला रोमनच वाचायला सोपे जात असणार. म्हणून त्यापुढे शाळेच्या सगळ्या सूचना त्या घरी रोमन अक्षरांतच जाऊ लागतात. माझ्या मते यातले पहिले अनुमान डळमळीत आहे, दुसरे बहुधा चूक आहे आणि तिसऱ्याला तर काहीच आधार नाही. कसे ते पाहू या.

आधी एक साधा शब्द घेऊ: माहूर. पडद्यावर रोमन अक्षरे दिसली म्हणजे लिहिणाऱ्याने रोमनमध्येच लिहिले, असे आपण धरून चालतो. पण पुढील तीन शब्द पाहा. तिन्ही पाच अक्षरांचे आहेत आणि तिन्हींचा अर्थ माहूर हाच आहे.

```
mahur
ceutj
ekgwj
```

पहिला सरळ आहे. उच्चाराला जवळची रोमन अक्षरे एकापुढे एक ठेवली आहेत. दुसरा निरर्थक वाटतो, पण तो निरर्थक नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी एक समान कळफलक ठरवून दिला. त्याला इनस्क्रिप्ट म्हणतात. त्यात स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला येतात. या मांडणीत म हा `c` च्या कळीवर आहे, काना `e` वर, ह `u` वर, दीर्घ ऊकार `t` वर आणि र `j` वर. इनस्क्रिप्टची सवय असलेला माणूस कळांकडे न पाहता माहूर लिहू लागला आणि संगणक मराठीवर आणायला विसरला, तर पडद्यावर `ceutj` उमटेल. म्हणजे या रोमन अक्षरांवरून आपल्याला अगदी उलटी गोष्ट कळते. लिहिणाऱ्याला मराठी कळफलक केवळ येतो एवढेच नव्हे, तर तो बोटांत मुरलेला आहे. आणि तो बहुधा खऱ्या कळांच्या संगणकावर बसलेला आहे, कारण फोनवर कळांची चित्रेच बदलतात, तेथे अशी चूक सहसा होत नाही. याची उलट परीक्षाही तुम्ही शाळेच्या संगणकावर करून पाहा. संगणक मराठी इनस्क्रिप्टवर ठेवा आणि इंग्रजी समजून `mahur` या कळा दाबा. ‘सोपही’ असा शब्द उमटेल.

तिसऱ्या शब्दाची कथा जुनी आहे. सर्व लिप्यांना एकच आकडेवार पद्धत देणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१ मध्ये आली, आणि देवनागरीला त्यात स्वतंत्र जागा मिळाली. पण ती कार्यालयांत रुळायला बरीच वर्षे गेली. तोपर्यंत छापखाने आणि कचेऱ्या एक युक्ती वापरीत. संगणकाला वाटे आपण `e` हे इंग्रजी अक्षर साठवतो आहोत, पण फाँटमध्ये, म्हणजे अक्षरांच्या चित्रसंचात, `e` च्या जागी म चे चित्र बसवलेले असे. कृतीदेव हा अशाच प्रकारचा फाँट आहे. त्यात म, काना, ह, दीर्घ ऊकार आणि र यांच्या जागा अनुक्रमे `e`, `k`, `g`, `w` आणि `j` अशा आहेत. ज्याच्या संगणकावर तो फाँट आहे त्याला माहूर असे स्वच्छ दिसते. नसेल त्याला `ekgwj` दिसते. एखादे जुने परिपत्रक फोनवर उघडल्यावर तुम्हांला असा कचरा दिसला असेल. येथे गंमत अशी, की रोमन अक्षरे लिहिणाऱ्याच्या पडद्याविषयी काहीच सांगत नाहीत. त्याच्या पडद्यावर उत्तम देवनागरी होती. ती उणीव सांगतात तुमच्याच पडद्याची.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की रोमन अक्षरे दिसली तरी ती उच्चारानुसार मांडलेली आहेत का, हे आधी पाहावे. मोठ्याने वाचून मराठी ऐकू आली तर तो पहिला प्रकार. आता त्या पहिल्या प्रकाराकडे वळू, कारण वाडीवरच्या पालकाचा संदेश त्याच जातीचा आहे.

कोणत्या साधनावर तो लिहिला हे शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे चुका पाहणे. शुद्ध लिहिलेला शब्द मुका असतो, चुकलेला शब्द बोलतो. समजा `Mahur` च्या जागी `Mahir` असे आले. इंग्रजी कळफलकावर `u` आणि `i` शेजारी शेजारी आहेत, तेव्हा बोट एक घर उजवीकडे गेले असावे. आता समजा `Mahtr` असे आले. `t` आणि `u` शेजारी नाहीत, त्यांच्या मध्ये `y` आहे. मग ही चूक कशी झाली? जुन्या बारा कळांच्या साध्या फोनवर ८ या एकाच कळीवर `t`, `u`, `v` ही तीन अक्षरे असतात. एकदा दाबले तर `t`, दोनदा दाबले तर `u`, तीनदा दाबले तर `v`. दुसरा दाब कमी पडला की `u` चा `t` होतो, आणि एक जास्त झाला की `Mahvr` होते. उलट अशा फोनवर `Mahir` ही चूक सहज होणार नाही, कारण `i` ची कळ ४ ही आहे, ८ नव्हे. म्हणजे एका अक्षराच्या चुकीवरून हातात कसला फोन आहे याचा तर्क करता येतो.

पण सगळ्याच चुका इतक्या प्रामाणिक नसतात. `Nahur` असे आले तर? इंग्रजी कळफलकावर `m` आणि `n` शेजारी आहेत, आणि बारा कळांच्या फोनवरही दोन्ही ६ याच कळीवर आहेत. ही चूक दोन्हीकडे होऊ शकते, म्हणून तिच्यावरून काहीच ठरत नाही. खुणेची किंमत ती किती ठळक दिसते यावर नसते. ती एका ठिकाणी घडते आणि दुसऱ्या ठिकाणी घडत नाही, यावर असते. पोलिसी कथांतले गुप्तहेर हे नेहमी विसरतात.

स्पर्शपडद्याच्या फोनचीही एक स्वतःची चूक आहे. तेथे दोन शब्दांमधली मोकळी जागा सोडण्याची पट्टी अगदी तळाला असते आणि तिच्या लगेच वर `c`, `v`, `b`, `n` ही अक्षरे असतात. अंगठा जरा वर पडला की मोकळ्या जागेऐवजी `n` किंवा `b` उमटतो, आणि ‘उद्या येतो’ चे `Udyanyeto` होते. खऱ्या कळांच्या संगणकावर असे क्वचित होते, कारण तेथे ती पट्टी बोटांना जाणवते. तेथे घाईत अक्षरांची अदलाबदल होते: `gadi` चे `gdai`, एक बोट दुसऱ्याच्या पुढे गेल्यामुळे. वाक्याचे पहिले अक्षर मोठे आणि पुढे सगळे लहान, हीही फोनची खूण आहे, कारण फोन ते आपोआप मोठे करतो. तथापि काही संगणक आज्ञावल्याही हेच करतात, म्हणून ही खूण दुय्यम समजावी. आणखी एक खूण म्हणजे मध्येच आलेला असंबद्ध इंग्रजी शब्द. `ahe` च्या जागी `she` आले, तर फोनमध्ये इंग्रजी शब्दकोश जागा आहे आणि तो मराठी शब्द ‘सुधारतो’ आहे, असे समजावे.

यावरून बाईंचे पहिले अनुमान तपासू. इंग्रजी कळफलक वापरला, हे खरे. पण मराठी कळफलक फोनमध्ये नाही, हे त्यावरून निघत नाही. तो असूनही चालू केलेला नसेल. चालू असूनही दोन अंगठ्यांना `Udya` या चार कळा सरावाच्या असतील, तर ‘उद्या’ साठी उ, द, हलन्त, य आणि काना अशी पाच चिन्हे शोधत बसणे त्यांना नको वाटेल. फोन घरातल्या मुलाचा असेल आणि त्याने तो इंग्रजीवर ठेवला असेल. उलट बाजूही लक्षात घ्या. देवनागरीत आलेला संदेश मराठी कळांवरच लिहिला असेल असेही नाही. रोमन अक्षरे टाइप केली की देवनागरी शब्द सुचवणारी सोय आज अनेक फोनांवर आहे. तेथे माहूरचे माहुर होते, वेळचे वेल होते, आणि ट च्या जागी त येतो, कारण रोमनला हे भेदच ठाऊक नाहीत. अर्थात माहुर असे ऱ्हस्व लिहिणारी माणसे कागदावरही पुष्कळ आहेत, म्हणून एवढ्यावरून कुणाला पकडू नये.

आता पडदा. येथे मला थोडा वेळ घ्यावा लागेल, कारण हेच अनुमान सर्वांत जास्त लोक काढतात, आणि एके काळी ते बरोबर होते. २०११ साली आलेल्या अँड्रॉइड ४.० च्या आधीच्या अनेक फोनांत देवनागरीची चित्रेच नव्हती. मराठी संदेश आला की ओळीने रिकामे चौकोन दिसत. अशा फोनचा मालक रोमनमध्ये लिहिणार नाही तर काय करील? पुढे फोन बदलले. २०१६ मध्ये तर भारत सरकारने भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनांसाठी असे मानक ठरवले, की बावीसही अनुसूचित भाषांतील मजकूर त्यावर वाचता आला पाहिजे. लिहिण्याची अट मात्र सौम्य ठेवली: इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एक भारतीय भाषा. हा फरक ध्यानात ठेवा. वाचण्याची सोय आणि लिहिण्याची सोय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पडद्याची सोय कळफलकाच्या पुढे धावली आहे.

एक हिशेब करून पाहू. पुढील आकडे मी समजुतीसाठी मानलेले आहेत, कुणी मोजलेले नाहीत. एका जुन्या काळी १०० फोनांपैकी ६० फोनांवर देवनागरी दिसत नसे आणि ४० फोनांवर दिसे, असे समजा. न दिसणारे साठही जण रोमनमध्ये लिहीत. दिसणाऱ्या चाळिसांपैकीही बरेच, समजा दहातले सहा, सवयीने रोमनच लिहीत. ते झाले २४. म्हणजे रोमन लिहिणारे एकूण ८४, आणि त्यांपैकी ६० जणांचा पडदा खरोखरच असमर्थ. सातांतल्या पाच जणांच्या बाबतीत बाईंचे अनुमान खरे ठरले असते. आता आजचा काळ घ्या. लोकांच्या सवयी तशाच राहिल्या, पण १०० पैकी ५ च पडदे असमर्थ उरले, असे समजा. ते पाच रोमन लिहितील. उरलेल्या ९५ पैकी दहातले सहा या हिशेबाने ५७ जण रोमन लिहितील. एकूण ६२, आणि त्यांत असमर्थ पडद्याचे फक्त ५. बारांत एकही पुरता नाही. संदेश तोच, खूण तीच, लिहिणाऱ्यांची सवयही तीच. तरी अनुमानाचे बळ पार उतरले, कारण भोवतालचे फोन बदलले. जुन्या अनुभवावर विसंबणारा शहाणा माणूस येथेच फसतो.

रोमन लिहिण्याला आणखी एक कारण असते, आणि त्याचा पडद्याशी काडीचा संबंध नाही. ते म्हणजे साध्या एसएमएसचे पाकीट. एका एसएमएसमध्ये ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून ११२० भागिले ७, म्हणजे १६० अक्षरे बसतात. संदेशात देवनागरीचे एक जरी चिन्ह आले, तरी सबंध संदेश प्रत्येक चिन्हाला १६ बिट या मापाने पाठवला जातो, आणि मग ७० चिन्हेच मावतात. ‘उद्या सकाळी माहूरची गाडी सात वाजता सुटेल.’ हे वाक्य मोजा. काना, मात्रा, हलन्त आणि मोकळ्या जागा धरून ४१ चिन्हे होतात. तेच रोमनमध्ये:

`Udya sakali Mahurchi gadi sat vajta sutel.`

येथे ४२. देवनागरी मजकूर लांब नाही, उलट एकाने लहानच आहे. पण तो ६५६ बिट घेतो आणि रोमन २९४ घेतो. एक वाक्य दोन्ही लिप्यांत एका पाकिटात बसते. अशी दोन वाक्ये केली की देवनागरीला दोन पाकिटे लागतात, रोमनला एकच पुरते. घाऊक संदेश पाठवणारी संस्था दर पाकिटामागे पैसे मोजते. तिने रोमन निवडले तर ते तिच्या खिशाचे लक्षण आहे, तुमच्या पडद्याचे नव्हे. इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशांना ही अडचण नाही, तरीही त्या दिवसांत लागलेली सवय तेथेही चालत आली आहे.

मग बाईंनी रोमनमध्ये उत्तर दिले तर बिघडले काय, असे तुम्ही म्हणाल. बिघडते ते असे. रोमन मराठी लिहिणे सोपे आहे, कारण लिहिणाऱ्याला शब्द आधीच ठाऊक असतो. वाचणाऱ्याला तो ओळखावा लागतो. `sath` हा शब्द घ्या. साठ रुपये आणा, असे सांगावयाचे असेल तरी `sath` लिहितात. गावात तापाची साथ आहे, असे सांगावयाचे असेल तरी `sath` च. आणि तेलुगू भागाच्या शेजाराने आणखी एक अर्थ येतो, कारण तिकडे त हा वर्ण रोमनमध्ये पुष्कळदा `th` असा लिहिण्याची रीत आहे. त्या सवयीच्या माणसाचा `sath` म्हणजे सात. साठ, साथ आणि सात. ‘डोस `sath` तारखेला’ असा संदेश गेला तर तारीख सात आहे हे निदान कळते, कारण साठ तारीख नसते. पण ‘`sath` रुपये’ म्हटल्यावर काय समजावे? देवनागरीत हा प्रश्नच उद्भवत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली आजी साठ आणि सात सहज वाचील. रोमन संदेश आला तर तिला शाळेतून नातवंड परत येण्याची वाट पाहावी लागेल, आणि संदेश त्या नातवंडाच्या गैरहजेरीविषयी असला तर ती पंचाईतच. शाळेकडून आलेली सूचना घरातल्या वडीलधाऱ्यांना स्वतः वाचता यावी, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की संदेश रोमनमध्ये आला तरी शाळेने उत्तर देवनागरीत द्यावे, आणि आकडे अक्षरांत न लिहिता अंकांत लिहावेत. एखाद्या घरचा पडदा खरोखर असमर्थ असेल, अशी शंका आल्यास तर्क करीत बसण्याऐवजी सरळ विचारावे. त्यासाठी एकच संदेश पुरेसा आहे. त्यात ‘विद्यार्थी’ हा शब्द देवनागरीत लिहावा आणि खाली रोमनमध्ये, हा शब्द नीट दिसला तर १, न दिसला तर २ असे कळवा, असे लिहावे. शब्द मुद्दाम निवडलेला आहे. फोनमध्ये देवनागरीची चित्रे मुळीच नसतील तर चौकोन दिसतील. चित्रे आहेत पण ती जोडण्याची व्यवस्था नाही, अशा जुन्या फोनवर पहिली वेलांटी व च्या आधी न येता नंतर येईल, द्या फुटून द च्या पायाशी हलन्त दिसेल, आणि थी वरचा रफार उतरून बाजूला र् होऊन बसेल. ‘माहूर’ या शब्दाने ही परीक्षा होणार नाही. त्यात ना ऱ्हस्व वेलांटी ना जोडाक्षर, त्यामुळे अर्धवट व्यवस्थेच्या फोनवरही तो बहुधा धड दिसेल, आणि सगळे ठीक आहे असा भास होईल.